परदेशी बायरला ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहायचं का नाही?

शिरोली_डिस्पॅच: आमच्या फौंड्रीत एक्स्पोर्टचे मेल मीच लिहितो. पीओ आणि इनव्हॉइसमधे नगांचा फरक आला म्हणून इंग्लंडच्या बायरला तेवढं कळवून खाली ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं, तर त्यानं उलट विचारलं की मी नक्की काय करू? आता मॅनेजर म्हणतात डू द नीडफुल, प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन सगळंच बंद करा. खरंच बंद करायला पाहिजे?

राजारामपुरी_क्लास: करा बंद. हे सगळं आपल्याच लोकांनी जुळवलेलं इंग्लिश आहे, चुकीचं आहे, तिकडं कोण असं बोलत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं ह्यांना भाषाच येत नाही. पोरांच्या निबंधात मी प्रीपोन दिसलं की मार्क कापतो.

रंकाळा_काठ: माझा ठाम विरोध. आमची टीम अमेरिकेची आहे, ती लोकं ‘सर्कल बॅक’ लिहितात, ‘टच बेस’ लिहितात, ते आपण गुपचूप शिकून घेतलं ना? मग आपले दोन शब्द त्यांनी शिकले तर काय बिघडलं, दरवेळी आपणच का वाकायचं?

जुना_एक्स्पोर्टवाला: क्लासवाले, तिकडं आता बोलत नाहीत हे बरोबर, पण आपण जुळवलं हे बरोबर नाही. डू द नीडफुल एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांच्या पत्रांत सर्रास असायचं, तिकडं मागं पडलं आणि आपल्या सरकारी फायलीत टिकून राहिलं. स्टेशन म्हणजे कंपनी सरकारच्या काळात साहेबाचं नेमणुकीचं ठिकाण. आणि प्रीपोन ह्याच अर्थानं 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समधे आलेल्या एका पत्रात सुचवलेलं आहे, आज ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे, त्यामुळं मार्क कापू नका.

पण शिरोली, तुमच्या मेलची अडचण वेगळीच आहे. फरक दिसला तर पीओची अमेंडमेंट काढायची का इनव्हॉइस बदलून मागायचं, हे आपल्या अकाउंट्सवाल्याला न सांगता कळतं कारण इथली पद्धत त्याला पाठ आहे. बायरला ती माहीत नाही. त्याच्यापुढं दोन्ही वाटा उघड्या, म्हणून त्यानं विचारलं, आणि विचारलं हे चांगलंच झालं, नाहीतर त्यानं पीओ बदलला असता आणि तुम्ही इनव्हॉइस.

पन्हाळा_रोड: माझं जरा वेगळंय, मी झेडपीत हाय. रजेच्या अर्जात आउट ऑफ स्टेशन लिवलेलं चालतंय का आता तेबी बंद झालं?

जुना_एक्स्पोर्टवाला: चालतंय की. तुमच्याकडं मुख्यालय सोडायची परवानगी असते, तेच ते, साहेबाला लगेच कळतं. तोच शब्द परदेशात गेला की वाचणारा रेल्वे स्टेशन शोधत बसतो. त्याला ‘सोमवारपर्यंत कोल्हापुरात नाही’ एवढं पुरे.

खरा धोका तुमच्या यादीतच नाही, तो ‘रिव्हर्ट’ आहे. मी पूर्वी होतो त्या कंपनीतून बेअरिंग हाउसिंगचं सुधारलेलं ड्रॉइंग गेलं, रिव्हिजन सी वरून डी, फ्लँजवर मशिनिंग अलाउन्स 3 मिमीचा 4 केला होता, आणि खाली ‘काइंडली रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट’. आपला अर्थ लवकर उत्तर द्या. त्यांच्याकडं रिव्हर्ट म्हणजे मागच्या स्थितीला जाणं, शेजारी ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे वाक्य अगदी सरळ लागलं आणि त्यांच्या माणसानं सी परत चालू केलं. इकडं पॅटर्न डी प्रमाणं बदलून झालेला. सॅम्पलच्या इन्स्पेक्शनला माप जुळेना तेव्हा कळलं. नीडफुल वाचून माणूस अडतो आणि विचारतो. रिव्हर्ट वाचून तो अडतच नाही, म्हणून ते वाईट.

रंकाळा_काठ: म्हणजे प्रीपोन राहू दे म्हणताय ना? तिकडचे ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ लिहितात, बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली म्हटलं की आमच्यातले निम्मे सोमवार धरतात, निम्मे शुक्रवार, आणि तिथली लोकं पण त्यावर गोंधळतात.

जुना_एक्स्पोर्टवाला: हो, तिथं आपला शब्द जास्त स्वच्छ आहे. तरी नवी तारीख आणि कुणाच्या घड्याळाप्रमाणं वेळ ते लिहाच.

राजारामपुरी_क्लास: 1913 चं मला नवीन आहे. पण परीक्षेचा पेपर तपासणारा ऑक्सफर्ड उघडून बसत नाही, पोराचे मार्क जातातच, त्यामुळं वर्गात मी हे शिकवणार नाही.

शिरोली_डिस्पॅच: मग इनव्हॉइसचा मेल असा पाठवतो: ‘पीओत 480 नग आहेत, इनव्हॉइस 500 चं आहे, माल 500 गेलाय. कृपया शुक्रवारपर्यंत पीओ 500 चा करून पाठवा.’ काइंडली ठेवू का काढू?

रंकाळा_काठ: ठेव भावा.

जुना_एक्स्पोर्टवाला: मी प्लीज लिहीन, काही जणांना काइंडली वरच्या आवाजात सांगितल्यासारखं लागतं.