प्रतिसाद: आधारचा जुना नंबर बंद, ओटीपी कुठून आणू?

> बाबांच्या आधारला जुना नंबर आहे, सिम कधीच बंद झालंय. ओटीपी येत नाही तर नंबर बदलायचा कसा?

जुन्या नंबरवरच्या ओटीपीची गरजच नाही हो, बाबांना घेऊन आधार सेवा केंद्रात जा, तिथे फॉर्मवर नवा नंबर लिहायचा आणि बोटांचे ठसे द्यायचे, कागदपत्रं काही लागत नाहीत, फी ७५ रुपये. फक्त बाबा स्वतः हवेत, तुम्ही एकटे गेलात तर परत पाठवतील. वयामुळे ठसे झिजले असतील तर डोळ्यांचं स्कॅन करायला सांगा. आणि पावती घेतल्यावर लगेच काउंटरवरच नंबरचे दहाही आकडे नीट वाचा, एक जरी चुकला तरी परत फी आणि परत रांग! पावतीवरच्या URN या विनंती क्रमांकावरून आधारच्या साइटवर स्टेटस दिसतं. चालणं जमत नसेल तर पोस्टात विचारा, पोस्टमन घरी येऊनही हे करतात.