प्रतिसाद: ३५ दिवसांची पाळी आणि चौदावा दिवस

«माझी पाळी ३५ दिवसांनी येते. चौदाव्या दिवसाच्या आसपास प्रयत्न करतोय, पण दिवस राहत नाहीत. पांढरं जातं, त्यावरून काही कळतं का?»

ताई, कळतं. आपल्या जळगाव-धुळ्याकडे अंगावरून पांढरं गेलं की अशक्तपणाच धरतात, पण दोन पाळ्यांच्या मध्यावरचा हा स्राव निरोगी असतो. चौदावा दिवस २८ दिवसांच्या पाळीचा. तुमचं बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटत असावं.

पाळी थांबल्यावर काही दिवस कोरडे जातात, मग चिकट, दाट स्राव येतो. समजा, अठराव्या दिवसापासून तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा झाला, बोटांत धरला तर ताणला जाऊ लागला. तेव्हापासून एक दिवसाआड संबंध ठेवा. या स्रावात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस.

बावीसाव्या दिवशी स्राव दाट झाला, तर एकविसावा हा निसरडेपणाचा शेवटचा दिवस; बीज साधारण त्याच सुमारास सुटतं. पण हा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशीच कळतो, म्हणून त्याची वाट बघत थांबू नका. संबंधानंतरचा ओलावा फसवतो, तेव्हा त्या दिवशीची नोंद धरू नका.

खाज, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. वर्षभर प्रयत्न झाले असतील, वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिने, तर दोघांच्याही तपासण्या करून घ्या.