मदत हवी आहे: शेतरस्त्यावरच्या बॉक्स मोरीला काँक्रीट किती अन् आसारी किती?

केळीवाला_चोपडा
मंडळी, आमच्या शेतरस्त्यात नाला आडवा येतो, पावसाळ्यात केळीचा ट्रक अलीकडेच थांबतो अन् घड डोक्यावर आणावे लागतात. म्हणून बॉक्स मोरी टाकतोय. आतून रुंदी २ मीटर, उंची १.५ मीटर, भिंती, तळ अन् स्लॅब सगळं २०० एमएम, रस्त्याच्या रुंदीत ४ मीटर. ओळखीच्या इंजिनिअरने नकाशा दिलाय, १२ एमएम आसारी १५० वर दोन्ही जाळ्यांत, आडवी ८ एमएम २०० वर. ठेकेदार म्हणतो काँक्रीट ६.८८ घनमीटर, स्टील ५४० किलो. माझं काँक्रीट ६.२४ येतंय. कोण चुकतंय?

सेंट्रिंगवाला_धुळे
ठेकेदाराचं बरोबर आहे भाऊ. तळ आणि स्लॅब २.४ × ०.२, भिंती १.९ × ०.२, दोन-दोन धरून ४ ने गुणा, ६.८८ येतात. स्टील १ टक्का धरायचं, घनमीटरला ७८.५ किलो, झाले ५४०. आम्ही कायम असंच धरतो.

तापीकाठ
आम्ही दोन सिमेंट पाइप टाकून भरलं होतं, स्वस्तात झालं. पण दुसऱ्याच पावसात केळीची खोडं अडकून पाणी बाजूच्या शेतात शिरलं. पाइपच का नाही टाकत असं विचारणार होतो, पण आता नाही विचारत.

मोजणीवही
३० वर्षं मोऱ्यांची मापं घेतली, म्हणून सांगतो. ६.८८ मध्ये चारही कोपरे दोनदा मोजलेत, स्लॅबमध्ये एकदा अन् भिंतीत एकदा. एक कोपरा ०.२ × ०.२, चार मिळून ०.१६, गुणिले ४ मीटर म्हणजे ०.६४ घनमीटर. फरक तेवढाच आहे ना? म्हणून बाहेरच्या मापातून आतलं वजा करायचं, २.४ × १.९ मधून २ × १.५ गेले की १.५६ राहतं, गुणिले ४ म्हणजे ६.२४. तुमचं बरोबर, फक्त आतल्या कोपऱ्यांना १५० चे तिरके हौंच द्यायचे, त्याचे ०.१८ वाढवा. ६.४२ घनमीटर. खालचं १०० एमएम पीसीसी वेगळं, चारही बाजूंना १५० बाहेर काढलं तर १.१६.

स्टील टक्क्याने काढू नका. उद्या कोणी भिंती, तळ अन् स्लॅब सगळं ३०० चं केलं तर काँक्रीट ६.२४ चं ९.८४ होईल, टक्केवाला स्टीलही त्याच पटीत वाढवेल, पण जाडी वाढली म्हणून आसारीची गरज तेवढी वाढत नाही. नकाशावरून आसारी मोजा. ५० कव्हर सोडून बाहेरची जाळी २.३ × १.८ ची. ती दोन यू ने करा, प्रत्येक यू ४.७ मीटर, तळाचा वर अन् स्लॅबचा खाली असे ६०० चा लॅप देत भेटतील. आतल्या जाळीला तळ-स्लॅबच्या आसाऱ्या २.६ मीटर, भिंतीच्या २.१, दोन्ही टोकांना १५० चा बेंड धरून. असे २७ संच, ४५१ किलो. ८ एमएम आडवी ११७, हौंचच्या तिरक्या ३४. एकूण ६०२, म्हणजे ठेकेदाराचं स्टील कमीच पडणार.

आता महत्त्वाचं. आतली आसारी आतल्या कोपऱ्यात वळवून फिरवायची नाही. ताण आला की ती सरळ व्हायला बघते अन् कोपऱ्यातलं कव्हर उडवते. ती सरळ पुढे नेऊन पलीकडच्या बाहेरच्या जाळीपाशीच वाकवायची. बार बेंडर घाईत चौकोनी रिंग करून टाकतो, बांधणी चालू असताना स्वतः उभे राहून बघा.

सेंट्रिंगवाला_धुळे
कोपऱ्याचं मान्य आहे दादा, चुकलंच. पण १ टक्का धरून आमच्या मोऱ्यांना कधी कमी नाही पडलं.

मोजणीवही
तुमची भिंत जाड असेल, अन् आसारी जरा लांबवर टाकली असेल. पातळ भिंतीत टक्का चढतो, इथे घनमीटरला ९४ किलो आलं.

केळीवाला_चोपडा
दादा, तुमची मापं घेऊन वहीत कटिंग बसवलं. १२ मीटरच्या आसारीत ४.७, ४.७ अन् २.६, तुकडासुद्धा उरत नाही! अशा २७. उरलेल्या २.६ च्या तीन अन् २.१ च्या दोन मिळूनही बरोबर १२, त्या ९. बाकी २.१ च्या आठ आसाऱ्यांत. एकूण ४४ नग. बरोबर आहे का?

मोजणीवही
बरोबर. दोन-चार नग जास्त घ्या, आसारी नेहमी पूर्ण १२ भरतेच असं नाही. पण नाल्याच्या तोंडाशी तळाखाली पाणी घुसू नये म्हणून कट-ऑफ भिंत लागेल, ती अन् विंग वॉल यात मोजलेली नाही. काळी जमीन असेल तर तळाखाली मुरूम किती घालायचा तेही बघा. वर मातीचा थर किती आहे?

केळीवाला_चोपडा
जेमतेम अर्धा मीटर, अन् खाली काळीच आहे.

मोजणीवही
मग भरलेल्या ट्रकचं चाक स्लॅबवर जवळून दाबणार. १५० चं अंतर अन् २०० ची जाडी पुरते का, हे त्या इंजिनिअरला ट्रकचं वजन सांगून परत तपासायला लावा. नकाशा देताना त्याने नुसती बैलगाडी धरली असेल तर माझा हा सगळा हिशोब बदलेल.