एसओपीचा गोषवारा: पायऱ्या गटात बांधाव्यात की मूळ क्रमात ठेवाव्यात?

पॅकिंग_लाइन:
रिबन ब्लेंडर साफ करायची २२ पायऱ्यांची एसओपी आहे. यंत्राशेजारी लावायला फक्त सुरक्षेच्या पायऱ्यांचं एक पान काढायचंय. साहेब म्हणतात गट करा: आधी पीपीई, मग वीज, मग हवा, मग यांत्रिक. मला क्रम मूळचाच ठेवावासा वाटतो, पण पटवून देता येत नाहीये. मधल्या पायऱ्या अशा आहेत: ३ स्टॉप दाबा, ४ शाफ्ट थांबेपर्यंत थांबा, ५ आयसोलेटर बंद, ६ कुलूप व टॅग, ७ हवेचा व्हॉल्व्ह बंद, ८ अडकलेली हवा सोडा, गेज शून्य, ९ स्टार्ट दाबून पाहा, १० झाकण उघडून आधारखीळ घाला, ११ वेळेची नोंद, १२ हातमोजे व चष्मा, १३ खरवडणी सुरू.

तिसरी_पाळी:
साहेबांचं बरोबर आहे. कामगार पान वाचत बसत नाही, नजर टाकतो. चार रंगांचे चार चौकोन केले की लक्षात राहतं. ऑडिटला आलेला माणूसही गटच शोधतो. आणि पीपीई सगळ्यात वर असण्यात वाईट काय?

नटबोल्ट:
वाईट आहे, आणि ते तुमच्याच उदाहरणात आहे. हातमोजे १२व्या पायरीला का आले? कारण तोवर शाफ्टची शक्ती तोडलेली नाही, किंवा तोडल्याची खात्री झालेली नाही. फिरत्या शाफ्टजवळ मोजा घातलेला हात गेला तर कापड आधी गुंडाळलं जातं आणि मागोमाग हात ओढला जातो. खरवडणीचे मोजे पहिल्या चौकोनात टाकलेत की माणूस ते चढवून स्टॉप दाबायला जाणार. मूळ एसओपी लिहिणाऱ्याने ते मुद्दाम खाली ठेवलेत. खालची जागा हीच तिथे सूचना आहे, आणि गट केला की नेमकी तीच हरवते.

तिसरी_पाळी:
मोज्यांचं मान्य. पण वीज आणि हवा हे गट केले तर काय बिघडतं? आयसोलेटर टाकला, कुलूप लावलं की यंत्र मेलं. हवा आधी सोडा नाहीतर नंतर.

मोजपट्टी:
यंत्र मेलं नाही, फक्त मोटरची वीज गेली. रिबन ब्लेंडरचं खालचं गेट बहुधा हवेच्या सिलिंडरवर चालतं. वीज तोडली तरी व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीत दाब अडकून राहतो. ७वी पायरी नवी हवा थांबवते, अडकलेली हवा ८वी सोडते. त्या दोघी शेजारी शेजारी आहेत म्हणून 'हवा बंद करा' अशी एकच ओळ करायचा मोह होतो. केली तर माणूस व्हॉल्व्ह फिरवून मोकळा होतो आणि गेटच्या फटीत बोटं घालतो. दाब सोडताना स्प्रिंगवालं गेट आपोआप सरकतंही, म्हणून गेज शून्यावर येईपर्यंत हात लांब.

पण खरा मुद्दा ९ आणि १० चा आहे, साहेबांना तोच दाखवा. ९ मध्ये स्टार्ट दाबून पाहायचंय, म्हणजे बरोबर यंत्राचाच आयसोलेटर टाकलाय ना, हे कळतं. शेजारच्या यंत्राचा टाकला असेल तर मोटर फिरेल आणि चूक तिथेच पकडली जाईल. आता गटांच्या अदलाबदलीत 'यांत्रिक' गट वर गेला आणि झाकण आधी उघडलं असं धरा. झाकणाला लिमिट स्विच आहे. झाकण उघडं असताना स्टार्ट दाबला तर मोटर फिरणारच नाही, आयसोलेटर चुकीचा असला तरी! चाचणी पास, वीज चालू. तुम्ही लिमिट स्विच तपासलात, आयसोलेटर नाही. मग कुणी झाकणाचा स्विच टेप लावून दाबून ठेवला की झालं.

पॅकिंग_लाइन:
हे पटवायला पुरेसं आहे. मग ११ सुरक्षेची नाही म्हणून गाळली तर पुढच्याला ११ म्हणू का?

मोजपट्टी:
नको. मूळ आकडाच ठेवा: ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, १२, १३. मधला आकडा गेलेला दिसला की वाचणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी गाळलंय, आणि मूळ पान उघडून ते शोधता येतं. दुरुस्तीत पायरी वाढली तर कुठली ओळ बदलायची हेही लगेच सापडतं. आणि गोषवाऱ्याच्या कोपऱ्यात मूळ एसओपीचा आवृत्ती क्रमांक हवाच.

सरळ_रेघ:
माझा सोपा नियम: काही बदलायचं नाही. नको त्या पायऱ्या गाळा, ओळी जोडू नका, वाक्य जसंच्या तसं उचला. आमच्या प्रेसच्या एसओपीत असंच केलंय.

नटबोल्ट:
अर्धं बरोबर. जसंच्या तसं उचलून कधी कधी धोकाच उचलला जातो. पॅकिंग_लाइन, तुमच्या १०व्या पायरीचं पूर्ण वाक्य काय आहे?

पॅकिंग_लाइन:
'झाकण उघडून आधारखीळ घालावी. झाकण उघडण्यापूर्वी गेजवरील दाब शून्य असल्याचे पुन्हा पाहावे.'

नटबोल्ट:
वाटलंच होतं. लिहिण्याचा क्रम उलटा, करण्याचा सुलटा. फक्त पहिलं वाक्य उचललं तर तपासणी उडाली. दोन्ही उचलली तर माणूस झाकण उघडून मग गेज बघतो. मी १०व्या पायरीच्या आत असं लिहीन: 'गेज शून्य पाहा, मग झाकण उघडा, लगेच आधारखीळ घाला.' पायऱ्यांचे आकडे हलवायचे नाहीत, पण एका पायरीच्या पोटातली वाक्यं करण्याच्या क्रमाने लावायची.

सरळ_रेघ:
हाही फेरबदलच. आज पोटातलं हलवलं, उद्या दुसरा ९ आणि १० हलवेल आणि म्हणेल करण्याचा क्रम हाच. वाक्य मूळ एसओपीतच दुरुस्त करून घ्या, सही होऊ द्या, मग गोषवारा काढा.

नटबोल्ट:
सही होईपर्यंत यंत्राशेजारी काय लावायचं?

सरळ_रेघ:
मूळ २२ पायऱ्यांचं पान.

पॅनेलवाली:
एक शंका, वर कुणी काढली नाही म्हणून. पॅनेलमध्ये हवेच्या कमी दाबाचा स्विच असेल तर ८ नंतर ९ करण्यातही तोच घोळ आहे. हवा सोडलेली, त्यामुळे कंट्रोल स्टार्ट घेतच नाही, आणि चाचणी पुन्हा खोटी पास. मग इथे मूळ क्रमच चुकलेला नाही का?

मोजपट्टी:
मुद्दा खरा आहे. तसा स्विच असेल तर स्टार्ट दाबून पाहणं एकट्याने पुरत नाही, इलेक्ट्रिशियनने मोटरच्या टर्मिनलवर टेस्टर लावायला हवा. आणि टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग टर्मिनलवर, मग परत चालू सप्लायवर. मधेच टेस्टर बिघडला असेल तर मेलेला टेस्टरही 'वीज नाही' असंच सांगतो. पण ही पायरी तुमच्या एसओपीत नाही, म्हणून गोषवाऱ्यात घालू नका, ९ उचलून ८ च्या वरही नेऊ नका. मूळ कागदावर बदलाची विनंती टाका. तोवर यंत्र लॉक असताना काम चालू द्यायचं की नाही, हे ड्रॉइंग बघून ठरवा.

तिसरी_पाळी:
रंगाचं तरी राहू द्या. क्रम तोच ठेवून, विजेच्या ओळीला लाल आणि हवेच्या ओळीला निळी पट्टी डावीकडे.

मोजपट्टी:
चालेल. फक्त कुलूप काढायच्या भागात जपून. तिथे आधी हत्यारं मोजणं, मग झाकण लावणं, मग माणसं लांब, आणि शेवटी ज्याचं कुलूप त्याने काढणं असं असतं. रंग बघून कुणी लाल ओळी एकदम उरकायला गेला तर कुलूप निघेल आणि खरवडायचं हत्यार आतच राहील.

पॅनेलवाली:
पॅकिंग_लाइन, ड्रॉइंगमध्ये हवेच्या दाबाचा स्विच आहे का, ते आधी बघा.

पॅकिंग_लाइन:
ड्रॉइंग मेंटेनन्सकडे आहे, मागवलंय. आवृत्ती जुनी निघाली तर प्रत्यक्ष पॅनेल उघडूनच बघावं लागेल.