पल्स हरवला की पाऊल हुकलं?

डाळमिल, हिंगणघाट: आमच्या पाकीट भरायच्या मशीनसाठी मराठी सूचनाफलक लिहून रायलो. प्लॅस्टिकचा रोल ओढायला स्टेपर मोटर आहे. पट्टी साधी, छपाईची खूण नाही, त्यामुळे सगळं पीएलसीच्या मोजणीवर. पाकीट २४० मिमीचं हवं, पण अधूनमधून सहा-साडेसहा मिमी तोकडं निघते. ‘लॉस्ट स्टेप’साठी मी लिहिलं, "पल्स हरवल्यास मशीन बंद करावी." सर्व्हिसवाला पोरगा म्हणे, पल्स हरवतच नाही. मग ‘लॉस्ट स्टेप’मध्ये हरवते काय?

शब्दवेडी, अमरावती: पल्स म्हणजे नाडी, स्पंदन. ‘पल्स ट्रेन’ला स्पंदमाला छान वाटेल. मग ‘स्पंदलोप’?

डाळमिल, हिंगणघाट: ताई, ‘स्पंदलोप’ वाचून आमचा ऑपरेटर डॉक्टरला फोन लावेल.

राऊटरवाला, वणी: आम्ही ‘मोटर स्टेप खाते’ म्हणतो. कारण एकच, रॅम्प कमी, म्हणजे वेग चढवायला-उतरवायला दिलेला वेळ कमी. रॅम्प वाढवा, विषय संपला. माझ्या लाकडाच्या राऊटरवर नक्षी सरकायची, तीही रॅम्पनंच सुधारली. थोडी अजून सरकते, पण ते कपलिंग ढिलं असंल.

पॅनलवाला, बुटीबोरी: सर्व्हिसवाला बरोबर सांगतो. पीएलसीनं २४०० पल्स सोडले, ड्राइव्हनं ते घेतले, मोजणीत २४०० दिसते. मागं राहिला तो रोटर, आणि पीएलसीला ते कळायची सोय नाही, कारण एन्कोडर नाही. म्हणून ‘पल्स हरवला’ लिहिलं की माणूस वायर अन् आउटपुट तपासत बसतो. ‘मोटर पाऊल हुकली’ लिहा.

आता तुमचे साडेसहा मिमी. ड्राइव्ह किती पल्सला एक फेरा देतो आणि रोलरचा घेर किती?

डाळमिल, हिंगणघाट: १६०० पल्सला फेरा. घेर १६० मिमी. वेग सेकंदाला ८००० पल्स, एकूण २४०० पल्स, रॅम्प १०० मिलिसेकंद, आउटपुट Y0. प्रोग्राम असा:

```
PLSR K8000 K2400 K100 Y0
```

पॅनलवाला, बुटीबोरी: म्हणजे पल्सला ०.१ मिमी. आता गंमत पहा. फेऱ्याला २०० पूर्ण पावलांची मोटर हुकते तेव्हा एखादं पाऊल हुकून थांबत नाही. गुंडाळ्यांचं चक्र चार पावलांचं असते, त्यामुळे रोटर घसरला की पुन्हा धरतो तो चार पावलांच्या पटीतच मागं. चार पावलं म्हणजे तुमच्याकडे ३२ पल्स, ३.२ मिमी. दोन चक्रं गेली की ६.४. तुमचा आकडा तिथंच बसतो. तूट कधी एक मिमी, कधी दोन अशी कशीही असती, तर मी आधी रोलरवर घसरणाऱ्या प्लॅस्टिकवर संशय घेतला असता.

खात्री करायची तर रोलरवर अन् बॉडीवर मार्करनं एक सरळ रेघ ओढा. २० पाकिटं म्हणजे ४८००० पल्स, बरोबर ३० फेरे. रेघ जुळली आणि पाकिटं तरी तोकडी, तर पट्टी घसरते. रेघ मागं राहिली तर मोटर हुकते.

राऊटरवाला, वणी: तेच तर म्हणत होतो, रॅम्प!

पॅनलवाला, बुटीबोरी: अर्धं खरं आहे भाऊ. वेग घेताना जोर कमी पडत असंल तर रॅम्प वाढवून काम होईल. पण स्टेपरचा जोर वेगासोबत उतरतो, कारण गुंडाळीत करंट भरायला वेळच उरत नाही. ८००० पल्सला म्हणजे ३०० आरपीएमला मोटर कमी पडत असंल, तर रॅम्प कितीही लांबवा, वर पोचून हुकणारच. आणि थांबताना हुकली तर उलटं होते, वजन पुढं ढकलते आणि पाकीट लांब येते. तुमची तोकडीच येतात, म्हणून उतार मी सोडून दिला.

डाळमिल, हिंगणघाट: रेघ ओढून पाहिली. २० पाकिटांनंतर जराशी मागं, मोजली तर साडेसहा मिमीच्या आसपास. आणि हे नवा, भरलेला रोल चढवला की होते. अर्धा संपला की सगळं सुरळीत.

पॅनलवाला, बुटीबोरी: मग भरल्या रोलचं वजन धक्क्यानं ओढताना हुकत असंल. आता दोन वाटा. रॅम्प १०० चा २०० मिलिसेकंद करा, वेग ८००० च ठेवा. चढावात ८००, उतारात ८००, मधे ८०० पल्स, पाकिटाला अर्धा सेकंद. किंवा रॅम्प १०० च ठेवून वेग ६००० करा, तरी अर्धाच सेकंद. आज तुम्हाला ०.४ लागतो. रॅम्प ३०० च्या पुढं नेऊ नका, २४०० पल्समध्ये पूर्ण वेग गाठताच येणार नाही.

डाळमिल, हिंगणघाट: दोन्हींत कोणतं घेऊ?

पॅनलवाला, बुटीबोरी: भरला रोल लावून १६००० पल्स द्या, रॅम्प ५००. दहा फेरे होतील. रेघ जुळली तर चढावच दोषी, पहिली वाट. नाही जुळली तर वरचा वेग झेपत नाही, दुसरी वाट. फक्त एकदा पाहून ठरवू नका, हुकणं दरवेळी होत नाही.

शब्दवेडी, अमरावती: ‘पाऊल हुकली’ कसं? ‘मोटरचं पाऊल हुकलं’ हवं ना?

राऊटरवाला, वणी: फलकावर ‘मोटर स्टेप खाते’च लिहा. ऑपरेटरला तेच समजते.

डाळमिल, हिंगणघाट: फलक थांबवला आहे. भरला रोल मंगळवारी चढेल, तेव्हा १६००० देऊन पाहतो.