भाजीवालीच्या तोंडची कविता

> "भाजीवालीच्या आवाजात कविता लिहितेय, पण ती एकतर बिचारी वाटते नाहीतर विनोदी. काय चुकतंय?"

तुमची पहिलीच ओळ बघा: 'मी गरीब भाजीवाली, उन्हात करपते'. असं कोण कुणाला सांगतं? ती आपल्याला, म्हणजे वाचकाला, स्वतःची ओळख करून देतेय. बिचारेपणा तिथूनच येतो. आधी ठरवा, ती बोलतेय कुणाशी. समोर गिऱ्हाईक उभं करा आणि तिला धंद्याचं बोलू द्या:

भेंडीचं टोक मोडू नका ताई,
कोवळी आहे, मी सांगते ना.
तुम्ही मोडून ठेवलेली
दुसरं कुणी घेत नाही.

यात ऊनही नाही, गरिबीही नाही. पण नुकसान कुणाचं होतं ते कळतं, आणि माल पारखणारी ती आहे हेही कळतं. ती हात जोडत नाही, अडवते.

विनोदी वाटण्याचं कारण बहुतेक 'हाय', 'न्हाई', 'म्या' यांचा मारा. बोली खरीच येत असेल तर पूर्ण कविता तिच्यात लिहा. नाहीतर सरळ मराठी ठेवा आणि धंद्यातले शब्द तिचे घ्या: भवानी, जुडी, गोणपाट. एक करून बघा: सगळे 'हाय' काढून 'आहे' लिहा. त्यानंतर कवितेत काही उरलं नाही, तर बाई नव्हतीच, नुसती नक्कल होती.

आणि शेवटी तिला रडवू नका. कोथिंबिरीवर पाणी मारून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली, इथेच थांबता येईल.