एफएफडीने ८ पेट्या घेतल्या, हिशेब म्हणतो ६. मधल्या दोन कोणी खाल्ल्या?

वैतागलेला_डेपो
आमच्या डेपोत पार्सलं ३० किलोच्या पेट्यांत भरायला सॉफ्टवेअर घेतलंय. आत एफएफडी आहे म्हणे, फर्स्ट फिट डिक्रीझिंग: पार्सलं जडापासून हलक्याकडे घ्यायची आणि प्रत्येक पार्सल मावेल त्या पहिल्या पेटीत टाकायचं. काल एका रूटला १४ पार्सलं होती: १८ किलोची ५, १३ किलोची ६, ४ किलोची ३. एकूण १८० किलो. भागिले ३०, झाल्या ६ पेट्या. सॉफ्टवेअरने काढल्या ८. विक्रेता म्हणतो, "अल्गोरिदम असाच असतो." रोज दोन पेट्यांचं भाडं पाण्यात. हे का चालवून घ्यायचं?

हिशेबी
विक्रेत्याची बाजू घ्यायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पण हे वाचून राहवेना.

तुम्ही पार्सलांचं पीठ करून पेट्यांत ओतलंत. पीठ असतं तर ६ पेट्यांत नक्की मावलं असतं. पार्सल कापता येत नाही, एवढी एकच गोष्ट तुमच्या भागाकाराला माहीत नाही.

कागदावर हाताने भरून बघा. १८ चं एक ठेवलं की पेटीत १२ उरले. त्यात दुसरं १८ जात नाही आणि १३ सुद्धा जात नाही, एका किलोने अडतं. म्हणजे पाच अठरांना पाच वेगळ्या पेट्या, आणि उरलेल्या जागेत फक्त चाराची पार्सलं. आता तेराची सहा राहिली. दोन बसली की २६ झाले, तिसरं नाही. त्यांना तीन पेट्या. पाच आणि तीन आठ. एफएफडी काढा, दुसरं काहीही आणा, सातात बसवून दाखवलंत तर माझ्याकडून मिसळ.

एकूण वजन भागिले क्षमता हा लोअर बाउंड आहे. याच्या खाली जाता येत नाही, इतकंच तो सांगतो. इथवर पोचता येतं असं तो कधीच म्हणत नाही.

कोडकर
हिशेबी, तुम्ही उगाच विक्रेत्याला सोडताय. एफएफडी जास्तीत जास्त ११/९ पट जातो, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणजे २२ टक्के. ६ ला २२ टक्के लावा, ७.३३ येतात. अर्धी पेटी नसते, म्हणजे ७. आठ आल्या याचा अर्थ कोडात बग. माझा अंदाज, `<=` च्या जागी `<` लिहिलंय. असल्या चुका मी रोज निस्तरतो.

हिशेबी
ते ११/९ खऱ्या उत्तराच्या तुलनेत असतात हो, लोअर बाउंडच्या तुलनेत नाही. इथे खरं उत्तरच ८ आहे, त्यामुळे एफएफडी शून्य टक्के चुकलाय.

शिवाय तुम्ही शेपूट कापलंत. पूर्ण वाक्य असं आहे, OPT म्हणजे खरं उत्तर:

`FFD ≤ (11/9)·OPT + 6/9`

जॉन्सनच्या १९७३ च्या प्रबंधात हे शेपूट ४ चं होतं. डोसाने २००७ मध्ये ते ६/९ वर आणलं आणि यापेक्षा कमी होणार नाही हेही दाखवलं. आता तुमच्या समाधानासाठी खरं उत्तर ६ धरू. ६६/९ अधिक ६/९, बरोबर ८. म्हणजे तुमच्या गणितानेही बग सिद्ध होत नाही.

`<` चा मुद्दा मात्र तपासण्यासारखा आहे, हे मान्य. डेपोवाले, पहिल्या पेटीची यादी बघा. १८+४+४+४ असे काठोकाठ ३० झालेत का? २६ वर थांबून तिसरं चाराचं पार्सल दुसऱ्या पेटीत गेलं असेल तर कोडकर बरोबर. या डेटात पेट्यांची संख्या बदलणार नाही, पण दुसऱ्या एखाद्या दिवशी बदलेल.

खडूस
वा! म्हणजे एफएफडी देवाघरून आला आणि चूक फक्त गिऱ्हाइकाची. मग हे घ्या, पेटी तीसचीच: १२, १०, १०, १०, ९, ९. बेरीज ६०.

एफएफडी काय करतो? १२ आणि १० एका पेटीत टाकतो, ८ उरतात. दुसरीत १०, १० आणि ९, उरला १. शेवटचं ९ दोन्हीकडून हाकललं जातं, तिसरी पेटी. आता माझ्या आजीला विचारा. ती १२ बरोबर दोन्ही ९ ठेवेल आणि तिन्ही दहा एकत्र ठेवेल. दोन पेट्या, एक ग्रॅम जागा वाया नाही. दोनाच्या तीन झाल्या, म्हणजे ५० टक्के जास्त. कुठे गेले ते २२ टक्के?

हिशेबी
शेपटात गेले. २२/९ + ६/९ म्हणजे ३.११, तीन पेट्या नियमात बसतात. पेट्या थोड्या असल्या की शेपूटच अंगापेक्षा मोठं होतं, म्हणून २२ टक्के हा आकडा लहान रूटला सांगूच नये.

पण उदाहरण चोख आहे, ते कबूल करावं लागतं. मोठ्याला हाताला येईल ती पहिली जागा देताना मागे उरलेली ८ ची फट कोणाच्या कामाची आहे का, हे एफएफडी बघतच नाही. आजीला माझा नमस्कार.

अनुराधाताई
सगळे वजनावरच भांडताय म्हणून विचारते. दिवाळीला मुलीला न्यू जर्सीला फराळ पाठवला. खोकं ४०×३०×३० सेंटीमीटर, काट्यावर ४ किलो. कुरिअरवाल्याने साडेसात किलोचे पैसे घेतले! चिवडा हलका असतो हा माझा गुन्हा? तुमचं ते एफएफडी काट्याचं वजन धरतं की त्यांच्या मनातलं?

कोडकर
ताई, मनातलं नाही. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. तुमचे ३६,००० भागिले ५००० म्हणजे ७.२. ते अर्ध्या किलोच्या पटीत वर नेतात, म्हणून साडेसात.

अनुराधाताई
सूत्र असलं म्हणजे लूट नसते का? ५००० कोणी ठरवले?

खडूस
विमानात जागा मोजून मिळते, ताई. तुमच्या चिवड्याने जागा अडवली, पैसे जागेचे. चकल्या उभ्या रचल्या असत्या तर खोकं लहान झालं असतं.

अनुराधाताई
चकल्या उभ्या रचून दाखवा तुम्ही! जन्मात भाजणी मळली आहे का? चकलीच्या मधे हवा असतेच, ती मी काढून घ्यायची का? आणि वर म्हणे तुमच्या चिवड्याने.

तात्या_भिवंडी
ताईंना हसू नका. गोदामात २६ वर्षं काढली, तो चिवडाच आमचा खरा वैरी. उशा, प्लास्टिकचे डबे, टेडी. काटा म्हणतो पेटी अर्धी रिकामी आणि झाकण लागत नाही. ताई, पुढच्या वेळी चिवडा पिशव्यांत भरून चकल्यांच्या डब्यांच्या फटीत कोंबा. साडेपाचात बसेल.

अनुराधाताई
थँक्यू तात्या. एक तरी माणूस कामाचं बोलला.

हिशेबी
धाग्याचा फराळ झालाय, पण ताईंचा मुद्दा अवांतर नाही. जागेचाही वेगळा लोअर बाउंड काढायचा, वजनाचाही काढायचा, आणि दोनांत मोठा तो धरायचा. गंमत त्यापुढे आहे. "डिक्रीझिंग" म्हणजे कशाने उतरतं? वजनाने लावलं तर उशी शेवटी येते, आकाराने लावलं तर लोखंड शेवटी येतं. दोन्ही मर्यादा एकदम आल्या की ११/९ ची हमी संपली.

डेपोवाल्यांच्या मूळ प्रश्नाला मात्र फक्त वजन पुरे आहे. भागाकारापेक्षा बरा लोअर बाउंड हवा असेल तर हा मार्टेल्लो आणि टोथ यांचा:

```python
def lb(w, C):
    best = 0
    for k in range(C//2 + 1):
        a = [x for x in w if x > C-k]
        b = [x for x in w if C/2 < x <= C-k]
        c = [x for x in w if k <= x <= C/2]
        free = len(b)*C - sum(b)
        extra = max(0, -(-(sum(c)-free)//C))
        best = max(best, len(a)+len(b)+extra)
    return best
```

`w` म्हणजे वजनांची यादी, `C` म्हणजे पेटीची क्षमता. कल्पना साधी आहे. `k` पेक्षा हलकी पार्सलं तात्पुरती विसरायची. मग जी पार्सलं `C-k` पेक्षा जड आहेत त्यांच्या शेजारी कोणीच बसू शकत नाही, त्यांना एकेक पेटी देऊन टाकायची. कालच्या यादीवर `k` शून्य असताना ६ च येतात, तुमचा भागाकार. `k` १३ झाला की १७ च्या वरची पाचही अठरा एकटी पडतात, तेरांचे ७८ किलो उरतात, त्यांना ३. झाल्या ८. एफएफडी ८, बाउंड ८, दोघं भेटले. आता सुधारायला काही शिल्लक नाही, हे सिद्ध झालं.

खडूस
यात ११ किलोची आठ पार्सलं घाला. तुमचा बाउंड ३ सांगतो. एका पेटीत तीन ११ जात नाहीत, म्हणजे लागतात ४. त्यालाही चष्मा लागलाय.

हिशेबी
लागलाय. निम्म्याच्या वरची पार्सलं त्याला नीट दिसतात, एक तृतीयांशाच्या वरची दिसत नाहीत. ती वेगळी मोजावी लागतात, पेटीत जास्तीत जास्त दोन धरून. इतकं खूश व्हायचं कारण नाही.

तात्या_भिवंडी
तुमचं सगळं बरोबर असेल. पण उतरत्या क्रमाने लावायचं म्हणजे सगळी पार्सलं समोर हवीत ना? आमच्याकडे नऊला गाडी सुटते आणि पावणेनऊला कोणीतरी मिक्सर-ग्राइंडरची दहा खोकी आणून टाकतो. तोवर चिल्लर सगळ्या पेट्यांत बसलेली असते, प्रत्येकीत पाच-सहा किलोची फट, आणि मिक्सर एकाही फटीत जात नाही. परत उपसायला माणसं कुठून आणू?

हिशेबी
तात्या, मग ते एफएफडी राहिलंच नाही. आली तशी भरली तर फक्त फर्स्ट फिट, आणि त्याची हमी १.७ पट. पावणेनऊपर्यंत चिल्लर बाजूला ठेवता येईल का?

तात्या_भिवंडी
बाजूला म्हणजे कुठे? तुमच्या घरी?

वैतागलेला_डेपो
पहिली पेटी बघितली. २६ वर थांबलीय. तिसरं चार दुसऱ्या पेटीत.

कोडकर
मी काय म्हणत होतो!!!

वैतागलेला_डेपो
हो. कालच्या ८ मात्र ८ च राहिल्या, तेव्हा पेट्या खाल्ल्याचा आरोप मागे घेतो. भाड्याबद्दलचा राग मागे घेत नाही. आज दुसऱ्या रूटवर वरचा कोड चालवला. बाउंड ९, सॉफ्टवेअर १०. आता चूक कोणाची?

हिशेबी
या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. आधी ते `<` दुरुस्त करून घ्या आणि परत चालवा. तरीही १० आल्या तर नवात भरून दाखवणारा कोणी निघेपर्यंत, किंवा नवात बसत नाही असं दाखवणारा निघेपर्यंत, दोघांवरही संशय. वजनं टाका इथे.

वैतागलेला_डेपो
४१ पार्सलं आहेत. जेवून टाकतो.

खडूस
टाका. आजीला उठवतो.